दोन टक्क्यांची हवा

जर्नल तपासायला घेतलं की मी आधी शेवटचं पान उघडते. ऑब्झर्व्हेशन टेबल नंतर. पहिल्यांदा डिस्कशन वाचायचं, हातात पेन्सिल घेऊन, आणि त्यात जिथे जिथे ‘मुळे’ किंवा ‘सिद्ध झाले’ येतं तिथे खाली रेघ ओढायची. मग मागे येऊन प्रत्येक रेघेसाठी टेबलातली ओळ शोधायची. ओळ सापडली तर समासात तिचा नंबर लिहिते, नाही सापडली तर ‘कुठे?’ एवढंच. पुण्यात पंचवीस वर्षं फर्स्ट इयरच्या फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेताना ही सवय लागली. लागायला बरीच वर्षं गेली, त्याबद्दल पुढे सांगते.

आज लिहिते आहे ते एका जर्नलबद्दल. प्रयोग सगळ्यांत साधा, साध्या लंबकाचा. दोरीला पितळेचा गोळा, म्हणजे बॉब, टांगायचा, वीस दोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा, लांबी बदलत सात वेळा हे करायचं आणि गुरुत्व त्वरण g काढायचं. सूत्र एका ओळीचं, त्यात L ही लांबी आणि T म्हणजे एका दोलनाचा वेळ, आवर्तकाल:

g = 4π²L/T²

मुलीचं अक्षर स्वच्छ होतं. टेबल पूर्ण, प्रत्येक लांबीला तीन-तीन वेळा घेतलेलं रीडिंग, त्याची सरासरी. शेवटी डिस्कशन, पाच वाक्यांचं:

‘प्रयोगातून g चे मूल्य ९.६१ मी/से² आले. प्रमाणित मूल्य ९.८१ पेक्षा फरक फक्त २ टक्के असल्याने प्रयोग यशस्वी झाला. हा फरक हवेच्या विरोधामुळे व मानवी चुकीमुळे आला आहे. लांबी वाढल्यावर g चे मूल्य अधिक अचूक येते. आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो व बॉबच्या वस्तुमानावर अवलंबून नसतो, हे सिद्ध झाले.’

वाचायला काही खटकत नाही. अशी शेकडो डिस्कशन्स माझ्या सहीखालून गेली आहेत. पण पेन्सिल घेऊन बसलं तर या पाचांतलं एकच वाक्य टेबलातून जसंच्या तसं आलेलं आहे, पहिलं. उरलेल्या चारांत कुठे अर्धं खरं आहे, कुठे मोजलेलंच नाही, आणि एक असं आहे की त्यातच खरी चूक लपून बसली होती आणि लिहिणारीला ती दिसलीही होती.

टेबलातली शेवटची कॉलम g ची. लांबी ४० सेंटिमीटरपासून १०० पर्यंत, दहा-दहाने वाढत गेलेली, आणि त्यासमोर g ची सात मूल्यं: ९.४९, ९.५७, ९.५९, ९.६३, ९.६४, ९.६५, ९.६८. तिने या सातांची सरासरी काढली, ९.६१ आली, आणि पुढे सगळा विचार त्या एका आकड्याचा झाला.

हे सात आकडे सावकाश, वरून खाली वाचावेत. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा आहे. एकदाही मागे येत नाही. स्टॉपवॉचवरचा अंगठा कधी लवकर पडतो, कधी उशिरा. त्यातून येणारी चूक कधी वर ढकलते, कधी खाली. अशा चुकीने सात आकडे विस्कटतात, रांगेत उभे राहत नाहीत. इथे ते उंचीप्रमाणे उभे आहेत. म्हणजे प्रत्येक रीडिंगमध्ये एकाच दिशेने काहीतरी ओढतं आहे, आणि आखूड लंबकाला ते जास्त ओढतं आहे. सरासरी काढली की नेमकी हीच माहिती पुसली जाते. विस्कटलेल्या आकड्यांची सरासरी घेतली तर चुका एकमेकींना खातात. एकाच बाजूला कललेल्या आकड्यांची घेतली तर कल तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

तिला तो दिसला होता. ‘लांबी वाढल्यावर g चे मूल्य अधिक अचूक येते’ हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या जर्नलमधून आलेलं नव्हतं, ते तिचं होतं. तिने कॉलम खरोखर वाचली होती आणि तिला दिसलं की आकडे ९.८१ कडे सरकतात. पण ‘९.८१ च्या जवळ’ याला तिने ‘अचूक’ असं नाव दिलं आणि तिथेच थांबली. एका खोलीत, एका टेबलावर g बदलू शकत नाही. ते लांबीप्रमाणे बदलताना दिसत असेल तर बदलतंय ते g नव्हे. मग सूत्रात राहिलं काय? L आणि T. यांपैकी एक चुकतंय आणि ठरावीक पद्धतीने चुकतंय. हे एक पाऊल पुढे जाणं म्हणजेच डिस्कशन, आणि तेच राहून गेलं होतं.

मी तिला बोलावलं. ती जरा घाबरतच आली, कारण जर्नल परत मिळणं म्हणजे रिपीट, असं आमच्याकडे मुलं धरून चालतात.

“मॅडम, दोन टक्के एरर चालतो ना?”

“चालतो की नाही ते नंतर बघू. तुझा ग्राफ काढ आधी.”

ग्राफ होता. आडव्या अक्षावर L, उभ्यावर T². सात बिंदू एका रेषेत सुरेख बसलेले. आणि रेषा? तिने फूटपट्टी लावताना एक टोक आरंभबिंदूवर दाबून धरलेलं होतं, कारण पुस्तकात रेषा आरंभबिंदूतून जाते. त्यामुळे रेषा आखूड लांबीच्या बिंदूंच्या खालून गेली होती आणि लांब टोकाला शेवटचा बिंदू रेषेच्या जरासा खाली राहिला होता. टोकदार पेन्सिलीने केलेला ग्राफ असल्यामुळेच हे दिसत होतं. जाड रेघेत ते बुडून गेलं असतं.

“ही रेषा कुणी सांगितली इथून न्यायला?”

“सूत्रात आहे ना. L शून्य तर T शून्य.”

“सूत्रात आहे. तुझ्या रीडिंगमध्ये आहे का?”

मग तिने कॅल्क्युलेटर काढला, सातही जोड्या घातल्या आणि आरंभबिंदूची अट न घालता सर्वांत जवळून जाणारी रेषा काढली. स्लोप, म्हणजे रेषेचा चढ, आला ४.०३४, आणि इंटरसेप्ट, म्हणजे रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा, शून्य नव्हे, ०.०४८. स्लोप म्हणजे 4π²/g. म्हणजे g आलं ९.७९.

ती क्षणभर कॅल्क्युलेटरकडेच बघत राहिली. तीच रीडिंग्ज, एकही आकडा बदललेला नाही, आणि ९.६१ च्या जागी ९.७९. दोन टक्क्यांची हवा आणि मानवी चूक कुठे गेली?

ती इंटरसेप्टमध्ये गेली. L मोजताना दर वेळी ठरावीक तुकडा कमी मोजला गेला असेल, तर खरी लांबी L अधिक तो तुकडा. मग T² ची रेषा सगळीच्या सगळी वर उचलली जाते, पण तिचा चढ तोच राहतो. म्हणून स्लोपवरून काढलेलं g या चुकीपासून सुरक्षित असतं आणि एकेका ओळीवरून काढलेलं g बिघडतं. चाळीस सेंटिमीटरमध्ये तो तुकडा मोठा हिस्सा असतो, शंभरमध्ये लहान, म्हणून आखूड लंबकाला ओढ जास्त. तुकडा केवढा, तेही रेषाच सांगते: ०.०४८ भागिले ४.०३४, म्हणजे ०.०१२ मीटर. एक सेंटिमीटर दोन मिलिमीटर.

“लांबी कुठपासून कुठपर्यंत मोजलीस?”

“वरच्या क्लॅम्पपासून गाठीपर्यंत.”

गाठ म्हणजे जिथे दोरी बॉबच्या हुकाला बांधलेली असते ती जागा. लंबकाची लांबी तिथे संपत नाही, ती बॉबच्या मध्यापर्यंत जाते. दोरीत हुकाची उंची आणि बॉबची त्रिज्या मिळवायची असते. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं आहे. तिच्या टेबलात त्याची कॉलम नव्हती.

इथे खूण करून पुढे जाता आलं असतं. पण त्या क्षणी मीसुद्धा एक ‘मुळे’ म्हटलं होतं, आणि तिच्या ‘मुळे’खाली रेघ ओढणाऱ्या माणसाने आपल्याही खाली ओढायला हवी. g आखूड लांबीला कमी आणि लांब लांबीला जास्त, असा कल लांबीच्या चुकीने येतो खरा, पण एकट्या तिनेच येतो का? नाही. झोका मोठा असला तरी येऊ शकतो. सूत्र लहान कोनापुरतंच आहे. कोन वाढला की आवर्तकाल थोडा वाढतो आणि g कमी दिसतं. पाच अंशांना ते साधारण ०.१ टक्क्याने कमी दिसतं, पंधरा अंशांना जवळजवळ ०.९ टक्क्याने. आता मुलं झोका देताना कोन मोजत नाहीत, बॉब हाताने बाजूला खेचतात, बहुतेक दर वेळी सारख्याच अंतरावर. तेवढंच अंतर आखूड दोरीला मोठा कोन देतं आणि लांब दोरीला लहान. म्हणजे कल अगदी तसाच, वरून खाली वाढत जाणारा!

मी तिला विचारलं, किती खेचलास? “पाच-सहा सेंटिमीटर, मॅडम. शेजारच्या स्टँडला लागू नये म्हणून कमीच.” सहा धरलं तर चाळीसच्या लंबकाला साडेआठ अंशांच्या आसपास कोन होतो. त्याने आवर्तकाल जेवढा वाढतो, तेवढा वाढवायला दोरी फक्त एक मिलिमीटरने लांब करावी लागते. आणि आपल्याला हिशेब द्यायचाय बारा मिलिमीटरचा. झोक्यानेच तो भरून काढायचा तर चाळीसच्या लंबकाला बॉब वीस सेंटिमीटरच्या जवळपास खेचायला हवा होता, आणि तेवढा खेचला असता तर तिच्या लक्षात राहिलं असतं. म्हणजे झोक्याचा हात आहे, पण तो फार तर एका मिलिमीटरचा. हे वाक्य डिस्कशनमध्ये येण्यासारखं आहे, कारण त्यात कारण, दिशा आणि आकार तिन्ही आहेत.

मग आम्ही कपाटातून तोच बॉब काढला. लॅबमधले काका बॉबना नंबर घालून ठेवतात, त्यामुळे ‘तोच’ म्हणजे खरोखर तोच. व्हर्नियर कॅलिपर लावला. व्यास दोन सेंटिमीटर, हुक दोन मिलिमीटर. त्रिज्या अधिक हुक, एक पूर्णांक दोन. तिने मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्यासाठी मी ही नोकरी करते, एवढंच म्हणते. पंधरा दिवसांपूर्वी घेतलेल्या वेळेच्या रीडिंगमधून, बॉबला हात न लावता, हुकासकट बॉबची त्रिज्या निघाली होती.

आता तिच्या मूळ वाक्याकडे परत येते. ‘हवेच्या विरोधामुळे’. हे वाक्य मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी माध्यमातून आलेल्या, हुशार, कच्च्या, सगळ्या मुलांच्या जर्नलमध्ये असतं. ते खोटं नाही, म्हणूनच ते इतकं टिकलं. हवेमुळे लंबकाचा आवर्तकाल खरंच थोडा वाढतो आणि g खरंच थोडं कमी येतं. म्हणजे तिच्या बाबतीत दिशासुद्धा बरोबर होती. प्रश्न आकाराचा आहे. पितळेची घनता हवेच्या सुमारे सात हजार पट. हवा बॉबला वर उचलून धरते ती त्याच्या वजनाच्या सात हजाराव्या हिश्शाने. बॉबबरोबर थोडी हवाही मागेपुढे हलवावी लागते, ते धरूनही सगळा परिणाम ०.०२ टक्क्यांच्या आसपास राहतो. घर्षणाने झोका हळूहळू लहान होतो ते डोळ्यांना दिसतं, पण त्याने आवर्तकालात पडणारा फरक याहूनही नगण्य असतो. तिला हवेकडून दोन टक्के हवे होते. हवेकडे त्याचा शंभरावा हिस्सा होता.

हा एवढा हिशेब डिस्कशनमध्ये केला असता तर तिला तिथेच कळलं असतं की हवा नव्हे, दुसरं कुणीतरी आहे, आणि शोध सुरू झाला असता. ‘हवेच्या विरोधामुळे’ लिहिल्यावर शोध थांबला. कारण मिळालं की माणूस थांबतो. म्हणूनच मला चुकीच्या कारणापेक्षा आकार न दिलेल्या कारणाची जास्त भीती वाटते. चुकीचं कारण कधीतरी पकडलं जातं. आकार नसलेलं कुठेही बसतं.

‘मानवी चूक’ तर त्याहून निसरडी. कुठल्या माणसाची, कुठल्या क्षणी, कुठल्या दिशेने? स्टॉपवॉचचं लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०१ सेकंद, पण अंगठ्याचं नव्हे. माणूस पाहून बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग जातो. तो सुरू करताना जातो तसा थांबवतानाही जातो, म्हणून बराचसा वजा होतो. उरते ती दोन्ही वेळच्या उशिरातली तफावत. तिच्या तीन-तीन रीडिंग्जमध्ये ती दिसत होती, साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी. सरासरीनंतर ०.०५ धरू. चाळीसच्या लंबकाला वीस दोलनांना २५.८ सेकंद लागतात, त्यात ०.०५ म्हणजे ०.२ टक्के. g मध्ये T चा वर्ग येतो म्हणून दुप्पट, ०.४ टक्के. म्हणजे तिच्या पहिल्या ओळीतलं g अंगठ्यामुळे ०.०४ ने इकडेतिकडे होणं साहजिक आहे. दोन टक्के इथेही भरत नाहीत, पण एक मोजता येण्याजोगा वाटा मिळतो. आणि मोजणीची चूक, सोडल्याबरोबर ‘एक’ म्हणण्याची, ती तर लपतच नाही: एकोणीस दोलनांना वीस समजलं की त्या एका ओळीत g जवळजवळ अकरा टक्क्यांनी उडी मारतं. तिच्या टेबलात तशी उडी नव्हती, म्हणजे तिने नीट मोजलं होतं. जी चूक झालीच नाही ती तिने नम्रपणे स्वतःच्या माथी घेतली होती.

या ०.०४ चा मला आणखी एक उपयोग होतो, आणि तो सांगताना बरं वाटत नाही. कधी कधी एखादं जर्नल येतं ज्यात g ची सातही मूल्यं ९.८० आणि ९.८२ च्या मध्ये असतात. त्या स्टॉपवॉचने आणि त्या अंगठ्याने तसं येणं शक्य नसतं. ते आकडे उलटे काढलेले असतात, आधी g आणि मग वेळ. मी ते ओळखते, कारण मी स्वतः तसं केलेलं आहे. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षी माझं g ९.४ आलं होतं. सीनियर ताईने तिचं जर्नल दिलं, मी रीडिंग्ज ‘बसवली’ आणि डिस्कशन उतरवलं: हवेचा विरोध, मानवी चूक. दहापैकी नऊ मिळाले. पुढे शिक्षिका झाल्यावर पहिली कितीतरी वर्षं मीही ९.८१ आलं की नऊ देत राहिले आणि ९.६ आलं की सहा. खरं मोजणाऱ्या मुलांचे मार्क मी कापले आणि बसवणाऱ्यांना दिले. ती मुलं आता कुठे असतील माहीत नाही. त्यांची जर्नल्स समोर नसली तरी त्यांच्याशी माझा हिशेब बाकी आहे.

त्या दुपारी गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण तिने उत्साहाने नवीन वाक्य लिहायला घेतलं: ‘g = ९.७९, प्रमाणित मूल्यापेक्षा फरक फक्त ०.२ टक्के...’ आणि मला पुन्हा पेन्सिल उचलावी लागली.

“प्रमाणित मूल्य म्हणजे कुठलं?”

“९.८१.”

“ते कुठलं आहे?”

हा प्रश्न तिला समजला नाही आणि त्यात तिचा दोष नाही, आपण शाळेपासून तो आकडा पृथ्वीचा म्हणून शिकवतो. ९.८१ हा ९.८०६६५ चा दोन दशांशांपर्यंत गोल केलेला आकडा. मूळ आकडा १९०१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवून दिला, आणि तो जुळतो साधारण ४५ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीला. पुणे साडेअठरा अंशांवर आहे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. इथलं g ९.७८ च्या जरासं वर आहे. म्हणजे आमच्या लॅबमध्ये ज्यांचं उत्तर बरोब्बर ९.८१ येतं, ते खऱ्या मूल्यापासून पाव टक्का लांब असतात आणि त्यांना आम्ही सगळ्यांत जास्त मार्क देतो.

मी तिला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ रिशेची हकिकत सांगितली. १६७२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला दक्षिण अमेरिकेत काएनला पाठवलं, विषुववृत्तापासून अवघ्या पाच अंशांवर. तिथे सेकंदाचा ठोका बरोबर देण्यासाठी लंबक पॅरिसपेक्षा जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. त्याने काय केलं? दहा महिने, दर आठवड्याला, पुन्हा पुन्हा मोजलं, आणि फरक आहे तसा लिहिला. पॅरिसमधल्या काही विद्वानांना ती निरीक्षणातली चूक वाटली. कुणी म्हणालं, उष्ण प्रदेशात धातू प्रसरण पावतो, त्यामुळे असेल. दिशा बरोबर होती. पण न्यूटनने उन्हात लोखंडी दांडी किती वाढते याची फ्रान्समध्ये घेतलेली मापं या फरकाशी ताडून पाहिली आणि ती वाढ पुरत नाही असं दाखवलं. उरलेला फरक पृथ्वीचा होता: ती फिरते, विषुववृत्तावर फुगलेली आहे, आणि म्हणून तिथे g कमी आहे. उष्णतेला ‘मुळे’ लावून तेव्हा सगळे थांबले असते तर काएनचे ते तीन मिलिमीटर ‘मानवी चूक’ म्हणून गेले असते.

“म्हणजे माझं ९.७९ पुण्याच्या ९.७८ शी जुळतं!” ती म्हणाली. “लिहू? ‘पुण्याचे g ९.८१ पेक्षा कमी असल्याचे सिद्ध झाले.’”

या वाक्याने मला मोह पडला होता, खरंच. एका दुपारी एवढं सगळं सापडल्यावर नाही म्हणणं जिवावर येतं. पण तिचे बिंदू रेषेभोवती जेवढे विस्कटलेले होते, त्यावरून g मधली अनिश्चितता ०.०१५ च्या आसपास निघत होती, ०.०२ म्हणू. ९.७९ ± ०.०२. या पट्ट्यात ९.७८ आरामात बसतं, आणि ९.८१ अगदी उंबऱ्यावर उभं असतं. त्याला बाहेर ढकलण्याइतकी ताकद या सात रीडिंग्जमध्ये नाही. शिवाय मीटरपट्टीच जर हजारात एक-दोन भागांनी चुकीची असेल, किंवा स्टॉपवॉच हळू चालत असेल, तर तो दोष स्लोपमध्ये सरळ उतरतो आणि इंटरसेप्टमध्ये त्याची खूणही राहत नाही. आपला ग्राफ एका जागी अडकलेली चूक पकडतो. सगळीकडे त्याच प्रमाणात पसरलेली चूक तो पकडू शकत नाही. तिच्यासाठी पट्टी दुसऱ्या पट्टीशी आणि स्टॉपवॉच दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहावं लागतं. ते तिने केलेलं नव्हतं. म्हणून ‘सिद्ध झाले’ नाही. ‘विसंगत नाही’ एवढंच. तिला हे वाक्य फारच कोमट वाटलं. मलाही वाटतं. पण ते तिच्या टेबलातून आलेलं आहे.

राहिलं शेवटचं वाक्य. वर्गमुळाचं प्रमाण ठीक, सात लांब्या मोजल्या आहेत आणि दुरुस्त लांबी घेतली की रेषा आरंभबिंदूतून जाते. पण ‘बॉबच्या वस्तुमानावर अवलंबून नसतो’?

“कुठली ओळ?” मी विचारलं.

तिने टेबल वरून खाली पाहिलं, मग खालून वर. “मॅडम, बॉब एकच होता.”

“हो.”

“पण हे खरं आहे ना?”

“खरं आहे. पण तू मोजलंस का?”

खरी गोष्ट असल्यामुळे ती प्रयोगातून निघाली असं वाटणं, याला मुलं काय, आम्हीही फसतो. जे वाक्य आधीच पाठ असतं ते पुराव्यावाचून निष्कर्षात शिरतं आणि कुणी अडवत नाही. ते अडवायचं असेल तर एकच गोष्ट विचारायची: ही राशी तू बदललीस का? न बदललेल्या राशीबद्दल प्रयोग मुका असतो.

दोन दिवसांनी जर्नल परत आलं. डिस्कशन आता दीड पान होतं. त्यात एकेका ओळीवरून काढलेलं g आणि स्लोपवरून काढलेलं g शेजारी शेजारी दिलेलं होतं, इंटरसेप्टवरून निघालेली १.२ सेंटिमीटर आणि व्हर्नियरने मोजलेली १.२ सेंटिमीटर होती, झोक्याच्या वाट्याला एक मिलिमीटर, हवेच्या वाट्याला ०.०२ टक्के. ‘मानवी चूक’ हे शब्द कुठे नव्हते. त्या जागी ‘वेळमापनातील तफावत, वीस दोलनांमागे सुमारे ०.०५ से.’ होतं. ‘मीटरपट्टी व स्टॉपवॉच तपासलेले नाहीत’ हेही तिने आपणहून लिहिलं होतं. आणि वस्तुमानाच्या वाक्यावर एक सरळ रेघ मारलेली, वाचता येईल अशी, खोडलेली नव्हे.

मी सही केली. ती जर्नल घेऊन दाराशी गेली, तिथून लॅबच्या कपाटाकडे वळली.

“काका, याच मापाचा लाकडी बॉब आहे का हो?”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खालचा ड्रॉवर ओढला.